हार्ड ड्राइव्ह 'दुरुस्त करा' म्हणते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. तुमची बाहेरून जोडायची हार्ड ड्राइव्ह काल व्यवस्थित चालत होती. आज जोडली, तर विंडोज म्हणतं, 'ड्राइव्हमध्ये अडचण आहे, तपासून दुरुस्त करा.' किंवा मॅकवर ती उघडते, फायली दिसतात, पण नवीन काही ठेवता येत नाही. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो फॉरमॅट करण्याचा. तो ऐकू नका. का, ते एका मैत्रिणीच्या गोष्टीतून सांगतो.

ही मैत्रीण पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करते. पहाटेची रेकॉर्डिंग्ज विंडोजच्या लॅपटॉपवरून ड्राइव्हवर टाकायची आणि मग मॅकवर ऐकत बसायची, असा तिचा शिरस्ता. दोन्हीकडे चालावी म्हणून ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली. एका सकाळी कॉपीची पट्टी शेवटाला पोचली आणि तिने तशीच वायर ओढली. मॅकला लावली, तर दिवा लुकलुकतोय पण ड्राइव्हचं चिन्ह काही येईना. दोन मिनिटं वाट पाहून तिने वायर काढली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. दुपारपर्यंत हेच चाललं, आणि संध्याकाळी तिचा रडवेला फोन आला, "ड्राइव्ह गेली रे!"

मी म्हटलं, आता वायरीला हातही लावू नकोस. अॅक्टिव्हिटी मॉनिटर उघड आणि यादीत `fsck_exfat` नावाचं काही चालू आहे का बघ. होतं! म्हणजे ड्राइव्ह गेली नव्हती, मॅक तिची तपासणी करत होता. ही तपासणी पूर्ण होईपर्यंत चिन्ह दिसत नाही, आणि मोठ्या, भरलेल्या ड्राइव्हला त्यासाठी तासन्‌तास लागू शकतात. वायर काढली की तपासणी अर्धवट सुटते, पुन्हा लावली की पहिल्यापासून सुरू. ती दिवसभर स्वतःच्याच हाताने तपासणी मोडत होती.

रात्रभर ड्राइव्ह तशीच जोडून ठेवली. सकाळी संदेश आला: डिस्क दुरुस्त करता आली नाही, फायली उघडा, कॉपी करा, पण बदल साठवता येणार नाहीत. ती घाबरली, मला मात्र हायसं वाटलं. ड्राइव्ह फक्त वाचता येते म्हणजे तिच्यावर आणखी काही चुकीचं लिहिलं जाणार नाही. सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. मग ड्राइव्ह विंडोजला लावून, कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून, ही आज्ञा दिली. ड्राइव्हचं अक्षर तुमच्याकडे वेगळं असेल:

```
chkdsk E: /f
```

दुरुस्ती झाली. शेवटचं रेकॉर्डिंग मात्र नावानिशी नव्हतं. ते FOUND.000 या लपवलेल्या फोल्डरमध्ये, .CHK शेपटीच्या फाइलमध्ये सापडलं. शेपटी बदलून .wav केली आणि आवाज ऐकू आला. असं प्रत्येक वेळी होत नाही, म्हणून ते फोल्डर बघितल्याशिवाय पुसू नका.

आता हे घडतं का? फाइलींच्या नोंदी बदलायला घेण्याआधी संगणक ड्राइव्हवर एक खूण करतो, तिला डर्टी फ्लॅग म्हणतात. दारावर 'रंग ओला आहे' अशी पाटी लावावी तशी ती. काम संपलं की पाटी काढतो. मध्येच वायर ओढली तर पाटी तशीच राहते. पुढच्या संगणकाला एवढंच कळतं की काम अर्धवट असू शकतं. पुन्हा सांगतो: खूण म्हणजे नुकसान झालंच असं नाही, तपासणी राहिली आहे एवढंच. विंडोजवर, तसाच अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, `fsutil dirty query E:` विचारलं की खूण आहे की नाही, ते कळतं. पट्टी संपली तरी लिहिणं संपलेलं असेलच असं नाही, काही मजकूर अजून मेमरीत असतो. 2018 पासून विंडोज 10 मध्ये बाहेरच्या ड्राइव्हसाठी ही साठवण मुळातच बंद असते; तरी मागे एखादा प्रोग्रॅम लिहीत असू शकतो, म्हणून 'इजेक्ट' कराच.

आणि जाता जाता: या ड्राइव्हबरोबर इतक्या आखूड, सैल बसणाऱ्या वायरी का देतात? लॅपटॉप जरा सरकवला की ड्राइव्हची जोडणी तुटते, आणि दोष वापरणाऱ्याच्या माथी. चांगली वायर वेगळी घ्या, हे माझं ठाम मत आहे.

तर क्रम लक्षात ठेवा: आधी कॉपी, मग `chkdsk`. आधी कॉपी! आणि नीट इजेक्ट करूनही खूण पुन्हा पुन्हा येत असेल, ड्राइव्ह टकटक आवाज करत असेल किंवा कॉपी एकेका फाइलवर अडत असेल, तर बिघाड डिस्कमध्येच असू शकतो. तिथे `chkdsk` चालवू नका. ते डिस्कला आणखी राबवतं. जेवढं निघतंय तेवढं महत्त्वाचं आधी काढा आणि ड्राइव्ह बंद करून डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडे न्या.