खांद्यातला चुना

(दृश्य: रात्रीचे दोन. पलंगाच्या कडेवर बसलेली बाई. उजवा हात डाव्या हाताने छातीशी धरलेला.)

त्या पडल्या नाहीत, हाताला झटका बसला नाही, जडही काही उचललं नाही. संध्याकाळी खांदा थोडा भरून आल्यासारखा वाटत होता, एवढंच. मध्यरात्री ठणका सुरू झाला आणि पहाटेपर्यंत ब्लाउजच्या बाहीत हात घालणंही जमेना. या बाई ४६ वर्षांच्या आहेत. तिशी ते साठीच्या दरम्यान, त्यातही बायकांमध्ये जास्त दिसणाऱ्या, खांद्यात चुना साठण्याच्या आजाराचं, म्हणजे कॅल्सिफिक टेंडिनायटिसचं, हे नमुनेदार उदाहरण.

(दृश्य: एक्स-रे.)

दंडाच्या हाडाचं गोल डोकं दिसतंय. त्याच्या जरा वर पांढरट डाग आहे, साधारण १२ मिलिमीटरचा. त्याच्या कडा नीट बघा. त्या कापसाच्या बोळ्यासारख्या विस्कटलेल्या आहेत. पुढचं सगळं या कडांवरून समजणार आहे.

हा डाग हाडात नाही, टेंडनमध्ये, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत आहे. हात वर उचलायला मदत करणारा सुप्रास्पायनेटस नावाचा स्नायू खांद्याच्या फऱ्यावरून येतो आणि त्याची टोकाची दोरी दंडाच्या हाडाला चिकटते. चिकटण्याच्या जागेच्या एक-दोन सेंटिमीटर अलीकडे, या दोरीच्या आत कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक कण साठलेत. हाडं-दातही जवळजवळ याच पदार्थाचे असतात. दूध किंवा कॅल्शियमच्या गोळ्या जास्त झाल्या म्हणून हे होत नाही. अशा रुग्णांच्या रक्तातलं कॅल्शियम बहुधा नेहमीसारखंच असतं. मधुमेह आणि थायरॉइडचा त्रास असलेल्यांत हे जास्त आढळतं.

हा साठा काल रात्री तयार झालेला नाही. तो कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं तिथेच असतो. तेव्हा तो खडूसारखा कोरडा असतो, एक्स-रेत त्याच्या कडा रेखीव दिसतात आणि फार तर हात वर नेताना थोडं टोचतं. मग एके दिवशी शरीर तो साफ करायला घेतं. आजूबाजूला नव्या रक्तवाहिन्या फुटतात, कण गिळणाऱ्या पेशी आत शिरतात, सूज येते. कोरडा खडू पानाच्या डबीतल्या ओल्या चुन्यासारखा होतो. टेंडनच्या आत जागा नसल्यामुळे दाब वाढतो आणि ठणका लागतो. कधी हा चुना फुटून वरच्या बर्सात, म्हणजे घर्षण कमी करणाऱ्या पातळ पिशवीत सांडतो. तिथे कणांमुळे आणखी भडका उडतो.

म्हणजे सर्वांत जास्त दुखतं ते साठा विरघळत असताना. धूसर कडा त्याचीच खूण.

(दृश्य: हात झोळीत, खांद्यावर बर्फाची पिशवी.)

उपचार म्हणजे हे दिवस निभावून नेणं. सूज उतरवणाऱ्या गोळ्या जेवणानंतर आणि डॉक्टरांना विचारूनच. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर त्या चालत नाहीत. दर वेळी १५ मिनिटं बर्फ, कापडात गुंडाळून. दोन-तीन दिवस झोळी. झोपताना पाठीला उशांचा आधार आणि कोपराखाली एक उशी, कारण आडवं पडलं की दुखणं वाढतं. या दिवसांत तेल लावून रगडणं किंवा कुणाकडून हात ओढून घेणं म्हणजे सुजेवर आणखी मार.

एवढ्यानेही झोप लागत नसेल तर बर्सात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहायची. दुसरा मार्ग सोनोग्राफीत बघून सुई घालण्याचा. जागा बधिर करून साठ्यात सुई जाते. सिरिंजमधलं सलाइन थोडं आत ढकलायचं, दट्ट्यावरचा अंगठा सैल सोडायचा, की दुधाळ पाणी उलटं येतं. हे पुन्हा पुन्हा करतात. सिरिंज आडवी धरली की पांढरा गाळ तळाशी बसलेला दिसतो. चुना ओला असेल तर हे सहज होतं, कोरडा असेल तर सुईच तुंबते. जुन्या, घट्ट आणि सतत त्रास देणाऱ्या साठ्यासाठी शॉकवेव्हचा, म्हणजे बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देण्याचा पर्याय असतो, दुर्बिणीची शस्त्रक्रिया त्याच्याही नंतर.

एक फरक मात्र घरीच ओळखायचा. सोबत ताप, थंडी वाजणं, लाल-गरम सांधा असेल तर सांध्यात पू झाल्याची शंका धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. आणि छातीत दाब, घाम, धाप असेल तर खांद्याचा विचारच करायचा नाही, थेट हृदयाची तपासणी.

(दृश्य: बाई टेबलावर डावा हात टेकून वाकलेल्या, उजवा हात लोंबता.)

तीव्र ठणका बहुतेकांचा एक ते तीन आठवड्यांत ओसरतो. तो उतरू लागला की लगेच असा हात लोंबता सोडून छोटे गोल फिरवायचे, दिवसातून तीन-चार वेळा. भीतीने हात महिनाभर झोळीतच ठेवला तर चुना जातो, पण खांदा आखडून बसतो. एक्स-रेतला डाग मात्र सावकाश जातो, काही आठवडे ते काही महिने लागतात. दुखणं थांबूनही तो दिसत असेल तर त्याच्यामागे लागायची गरज नाही.