अकरापर्यंतची मोजणी

[दृश्य: टेबलावर चार राउटर, लाल केबल]

हे चार राउटर: अ, ब, क आणि ड. अ, ब, क एकमेकांना जोडलेले. ड कडे जायला दोन वाटा आहेत. ब कडून जाणारी लाल केबल, किंमत 1. क कडून जाणारी निळी, तिची किंमत आम्ही मुद्दाम 10 ठेवली आहे. अ वरून ड च्या नेटवर्ककडे पिंग, म्हणजे उत्तर येतं का हे पाहणारी पॅकेट, चालू आहे. आधी वाटा ठरवणारा प्रोटोकॉल आरआयपी, डिस्टन्स व्हेक्टर पद्धतीचा: प्रत्येक राउटर शेजाऱ्यांना आपलं अंतर कळवतो. मोजणी नीट दिसावी म्हणून त्याची बचावाची साधनं बंद ठेवली आहेत.

[दृश्य: लाल केबल उपसली जाते]

ब ला लगेच कळतं. तो शेजाऱ्यांना सांगतो, ड ची वाट गेली. अ आणि क दोघांच्याही राउटिंग टेबलात ब मार्गे 3 लिहिलेलं होतं: ड चं नेटवर्क 1, लाल केबल 1, ब पर्यंत 1. ते खोडलं जातं. पण मधल्या वेळात क ने अ ला आपलं जुनं 3 कळवलेलं असतं, आणि अ ने क ला. अ म्हणतो, क मार्गे 4. क म्हणतो, अ मार्गे 4. दोघंही खोटं बोलत नाहीत. दुसऱ्याची वाट कुठून जाते, हे विचारायची सोयच या पद्धतीत नाही. शेजारी फक्त आकडा सांगतो.

[दृश्य: स्क्रीनवर आकडे चढताना]

पाच. सहा. सात. आरआयपीचं अपडेट दर 30 सेकंदांनी निघतं, त्यामुळे हा जिना चढायला मिनिटं लागतात. तोवर पॅकेट अ आणि क मध्ये येरझाऱ्या घालतात आणि टीटीएल, म्हणजे ठरवून दिलेल्या उड्या, संपून मरतात. स्क्रीनवर येणारी ओळ हीच:

```
Time to live exceeded
```

अकरा आले की क ला आपली निळी केबल स्वस्त वाटते. ती सुरुवातीपासून तिथेच होती! दुसरी वाटच नसती, तर मोजणी 16 पर्यंत गेली असती. आरआयपीत 16 म्हणजे अनंत. स्प्लिट होरायझन हे बचावाचं साधन चालू असतं तरी हा फेरा टळला नसता. ते ज्याच्याकडून वाट कळली त्यालाच ती परत सांगू देत नाही, आणि इथे अ आणि क दोघांनाही ती ब कडून कळली होती.

[दृश्य: तीच केबल, आता ओएसपीएफ]

ओएसपीएफ हा लिंक स्टेट पद्धतीचा प्रोटोकॉल: प्रत्येक राउटरकडे पूर्ण नकाशा असतो. यात ब अंतर सांगत नाही. 'माझी ड शी जोडणी तुटली' एवढंच, नव्या अनुक्रमांकासह. अ आणि क तो निरोप जसाच्या तसा पुढे देतात, प्रत्येकाकडच्या पूर्ण नकाशातून ती रेघ पुसतात, आणि आपापला सर्वात स्वस्त मार्ग नव्याने काढतात. काही सेकंदांत अ ची वाट क मार्गे निळ्या केबलवर. नकाशा एकाने आधी आणि दुसऱ्याने नंतर बदलला, तर इथेही क्षणभर फेरा होतो.

[दृश्य: ब आणि ड मध्ये स्विच]

मध्ये स्विच घालून केबल ड च्या बाजूने काढली, तर ब चा दिवा हिरवाच राहतो. आता भिस्त शेजारी जिवंत असल्याचं कळवणाऱ्या हॅलो पॅकेटवर: ते दर 10 सेकंदांनी येतं, आणि 40 सेकंद आलं नाही, तरच ब शेजारी गेला असं धरतो. पिंग तेवढा वेळ बंदच.