गोंगाटातून गाणं ओळखणारी वजाबाकी

[कॅमेऱ्याकडे बघून]

दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे. माणसं बोलतायत, खुर्च्या सरकतायत आणि मागे एका छोट्या स्पीकरवर गाणं चालू आहे. या आवाजाची लहर मूळ गाण्याच्या लहरीशी सरळ ताडून पाहिली, तर काहीही जुळणार नाही. तरीही गाणं ओळखता येतं. ते कसं, हे आज शेवटच्या पायरीपर्यंत बघू. शॅझम या गाणी ओळखणाऱ्या ॲपच्या एव्हरी वांग यांनी ही पद्धत २००३ साली शोधनिबंधात मांडली. आपण तिची छोटी, घरच्या कॉम्प्युटरवर चालेल अशी आवृत्ती घेऊ.

[स्क्रीनवर: स्पेक्ट्रोग्राम]

आधी आवाज मोनो करायचा आणि ११,०२५ हर्ट्‌झवर आणायचा, म्हणजे सेकंदाला तेवढे नमुने. मग १,०२४ नमुन्यांची खिडकी घेऊन, दर वेळी ५१२ नमुने पुढे सरकत, एफएफटी काढायचा, म्हणजे त्या तुकड्यात कोणती वारंवारता किती जोरात आहे ते मोजायचं. अशी एक फ्रेम साधारण ४६ मिलिसेकंदांनी पुढे जाते, आणि वारंवारतेचा एक बिन, म्हणजे एक कप्पा, सुमारे १०.८ हर्ट्‌झचा असतो. दहा सेकंदांत साधारण २१५ फ्रेम होतात. त्या शेजारी शेजारी मांडल्या की स्पेक्ट्रोग्राम तयार.

या चित्रातून फक्त शिखरं ठेवायची. शिखर म्हणजे असा बिंदू, जो आपल्या आसपासच्या सगळ्या बिंदूंपेक्षा जोरात आहे. ‘आसपासच्या’ हा शब्द सोडू नका. पूर्ण गाण्यासाठी आवाजाची एकच पातळी ठरवून त्यावरचे बिंदू उचलले, तर जवळजवळ सगळी शिखरं बासमध्ये गोळा होतात, आणि छोटा स्पीकर नेमका तोच भाग वाजवत नाही. म्हणून तुलना स्थानिक हवी, आणि शिखरं खालच्या, मधल्या, वरच्या अशा सगळ्या पट्ट्यांतून यायला हवीत. सेकंदाला वीसेक पुरतात. शिखर सापडलं की त्याची तीव्रता फेकून द्यायची. आवाज कमीजास्त झाला, स्पीकर बदलला, तर आकडा तीव्रतेचा बदलतो; शिखराची जागा सहसा तीच राहते.

पण एकटं शिखर फार काही सांगत नाही. एकूण बिन ५१२ आणि चार मिनिटांच्या गाण्यात शिखरं ४,८००, म्हणजे प्रत्येक बिन एकाच गाण्यात सरासरी नऊ वेळा येणार. म्हणून शिखरांच्या जोड्या लावायच्या. एक शिखर अँकर धरायचं, आणि त्याच्या पुढच्या ६३ फ्रेममधली, म्हणजे तीनेक सेकंदांतली, पाच शिखरं त्याला जोडायची. दोन वारंवारता आणि त्यांच्यातलं अंतर, असे तीन आकडे एकत्र बांधले की हॅश तयार.

```python
h = (f1 << 20) | (f2 << 10) | dt
```

उदाहरण घेऊ. पहिलं शिखर बिन ८०, म्हणजे ८६१ हर्ट्‌झ. दुसरं बिन १२०, म्हणजे १,२९२ हर्ट्‌झ. अंतर १४ फ्रेम. हॅश झाला ८०, १२०, १४. अशा शक्यता सुमारे १ कोटी ६५ लाख आहेत, त्यामुळे शोध एकदम नेमका होतो. डेटाबेसमध्ये प्रत्येक हॅशसोबत दोनच गोष्टी लिहायच्या: गाण्याचा क्रमांक, आणि अँकर गाण्यात कितव्या फ्रेमवर आहे ते.

जोडीची एक किंमत मोजावी लागते. गोंगाटात मूळची तीस टक्केच शिखरं टिकली, असं धरू. जोडी टिकायला दोन्ही शिखरं टिकावी लागतात, म्हणजे नऊ टक्के. क्लिपमध्ये हजार जोड्या असतील, तर खऱ्या नव्वद. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण गोंगाटाची नवी शिखरं पाच जागांमध्ये घुसतात आणि खऱ्यांना बाहेर ढकलतात. यावर एक चांगला उपाय आहे: क्लिपच्या बाजूने पाचऐवजी दहा जोड्या घ्या. डेटाबेस तेवढाच राहतो, फक्त शोधायचं काम दुप्पट होतं.

[स्क्रीनवर: तीन ओळींचा तक्ता]

आता ज्या वजाबाकीवर सगळं उभं आहे, ती. क्लिपमध्ये फ्रेम ३० वरचा हॅश गाण्यात फ्रेम १,६२० वर सापडला. गाण्यातली फ्रेम वजा क्लिपमधली फ्रेम: १,५९०. दुसरा हॅश क्लिपमध्ये ९५ वर, गाण्यात १,६८५ वर. उत्तर पुन्हा १,५९०. तिसरा क्लिपमध्ये ५२ वर, गाण्यात ४०७ वर. उत्तर ३५५, म्हणजे योगायोगाने जुळलेला.

क्लिप खरंच या गाण्यातली असेल, तर खऱ्या जुळण्यांचं उत्तर एकच यायला हवं, कारण सगळं एकाच ठिकाणापासून पुढे वाजतंय. खोट्या जुळण्यांची उत्तरं विखुरतात. म्हणून गाण्याला एकूण किती हॅश जुळले, हे मोजू नका. लांब गाण्याला योगायोगाने जास्तच जुळतात. प्रत्येक गाण्यासाठी या वजाबाक्यांचा हिस्टोग्राम काढा, म्हणजे कोणतं उत्तर किती वेळा आलं ते मांडा, आणि सर्वात उंच स्तंभ बघा. एका गाण्यात १,५९० वर चाळीस, आणि बाकी कुठल्याही गाण्यात तीनच्या वर काही नाही, तर गाणं सापडलं. वर हेही कळलं, की रेकॉर्डिंग गाण्याच्या ७४व्या सेकंदाच्या आसपास सुरू झालं. मोजताना शेजारचे दोन स्तंभ मिळवून घ्या, कारण क्लिप नेमकी फ्रेमच्या कडेवर सुरू होत नाही आणि उत्तर एकाने इकडेतिकडे होतं. ‘सापडलं’ म्हणायची मर्यादा मनाने ठरवू नका. डेटाबेसमध्ये नसलेल्या गाण्यांच्या क्लिप चालवा, त्यांचा सर्वात उंच स्तंभ किती जातो ते पाहा, आणि मर्यादा त्याच्या वर ठेवा.

हाच हिस्टोग्राम बिघाडही दाखवतो. गाण्याचा वेग ०.४ टक्के बदललेला असेल, तर खालच्या बिनची शिखरं जागेवर राहतात, बिन ४०० वरची सरकतात, आणि दहा सेकंदांत वजाबाकीचं उत्तर जवळजवळ एक फ्रेम घसरतं. स्तंभ बुटका आणि पसरट दिसतो. तीन टक्के बदल झाला, तर बिन ८० चा ८२ होतो आणि काहीच जुळत नाही. गाण्यात एकच तुकडा कॉपी करून पुन्हा पुन्हा वापरला असेल, तर सारख्या अंतरावर अनेक स्तंभ उभे राहतात: गाणं बरोबर, पण जागा नक्की नाही. लांब, स्थिर सुरांचा त्रास वेगळा. तिथे वेळेच्या दिशेने शिखराला टोकच नसतं, त्यामुळे जरा गोंगाट आला की ते पुढेमागे सरकतं.

आणि हिस्टोग्राम पूर्ण सपाट असेल, तर अल्गोरिदमला हात लावण्याआधी माइक तपासा. फोन आणि ब्राउझर बोलणं स्पष्ट यावं म्हणून आवाज गाळतात, आणि त्यांच्या लेखी मागचं संगीत हाच गोंगाट असतो. ब्राउझरमध्ये हे बंद करून मागा:

```js
navigator.mediaDevices.getUserMedia({ audio: {
  noiseSuppression: false,
  echoCancellation: false,
  autoGainControl: false
}})
```

अँड्रॉइडवर, फोनमध्ये सोय असेल तर, `UNPROCESSED` हा ऑडिओ सोर्स निवडा.

गुणगुणलेली चाल किंवा मैफिलीत नव्याने गायलेलं तेच गाणं मात्र या पद्धतीने सापडणार नाही. ती ओळखते ते एक ठरावीक रेकॉर्डिंग. त्याच गायकाने दुसऱ्या दिवशी तसंच गायलं, तरी शिखरांमधली अंतरं काही फ्रेमनी बदलतात आणि हॅश वेगळे पडतात.