२ + ११i ची तीन घनमूळे

(दृश्य: आलेख कागदावर पेन्सिलीने आखलेले दोन अक्ष. हात आत येतो.)

आरंभबिंदूपासून उजवीकडे दोन घरे आणि तिथून वर अकरा घरे गेले की जो बिंदू मिळतो, तो म्हणजे २ + ११i ही संमिश्र संख्या. आडवा अक्ष वास्तव भागाचा आहे, उभा अक्ष काल्पनिक भागाचा आहे आणि i म्हणजे ज्याचा वर्ग उणे एक येतो तो घटक. या संख्येचे घनमूळ काढायचे आहे, म्हणजे जिला स्वतःशीच तीनदा गुणले असता २ + ११i मिळेल अशी संख्या शोधायची आहे. अशा संख्या तीन आहेत, आणि त्या तिन्ही या कागदावर नेमक्या कुठे बसतात ते आपण पाहणार आहोत.

(दृश्य: पट्टी आरंभबिंदूवर टेकते; बिंदूपर्यंत रेघ ओढली जाते.)

घनमूळ काढताना संख्येकडे आडव्या-उभ्या घरांची जोडी म्हणून पाहून फारसे हाती लागत नाही. तिच्याकडे आरंभबिंदूतून निघालेली एक रेघ म्हणून पाहावे लागते. या रेघेला लांबी आहे आणि दिशा आहे. लांबीला मापांक म्हणतात. पायथागोरसच्या नियमाने ती ४ अधिक १२१ म्हणजे १२५ चे वर्गमूळ, अंदाजे ११.१८ येते. वास्तव अक्षाच्या धन बाजूपासून मोजलेली दिशा म्हणजे कोनांक, आणि तो इथे ७९.६९५ अंश आहे. कोनमापकावर मात्र तो ऐंशीच्या रेघेला जवळजवळ चिकटलेला दिसेल, कारण एक तृतीयांश अंशाचा फरक या उपकरणाला दाखवता येत नाही.

दोन संमिश्र संख्यांचा गुणाकार केला की त्यांच्या लांब्यांचा गुणाकार होतो आणि त्यांच्या कोनांची बेरीज होते. पुढचे सगळे काम या एकाच गोष्टीवर उभे आहे. संख्या स्वतःशी तीनदा गुणली की लांबीचा घन होतो आणि कोन तिप्पट होतो. त्यामुळे उलट जायचे असेल तर लांबीचे नेहमीचे घनमूळ काढायचे आणि कोनाचे तीन भाग करायचे. √१२५ चे घनमूळ √५ आहे, म्हणजे अंदाजे २.२३६, आणि ७९.६९५ अंशांचा तिसरा हिस्सा २६.५६५ अंश आहे.

(दृश्य: दुसरा आलेख कागद, प्रत्येक एककाला चार सेंटीमीटर. नवी छोटी रेघ.)

मोठे प्रमाण घेतलेल्या या कागदावर तेवढी लांबी आणि तेवढा कोन घेऊन रेघ आखली की तिचे टोक दोन घरे उजवीकडे आणि एक घर वर, अगदी चौकटीच्या कोपऱ्यावर येते. पहिले घनमूळ २ + i आहे. ते पडताळून पाहणे सोपे आहे: २ + i चा वर्ग ३ + ४i येतो, आणि त्याला पुन्हा २ + i ने गुणले की ६ + ३i + ८i − ४, म्हणजेच २ + ११i मिळते.

वहीतली बरीच उत्तरे इथेच थांबतात आणि त्यांच्याखाली दोन रेघा मारल्या जातात. कागद मात्र अजून जवळजवळ रिकामा आहे.

(दृश्य: जुन्या कागदावर मोठी रेघ, बोट अक्षापासून रेघेपर्यंत फिरते, मग एक पूर्ण फेरा मारून पुन्हा तिथेच येते.)

७९.६९५ अंश हे या रेघेच्या दिशेचे एकमेव नाव नाही. एक पूर्ण फेरा मारून पुन्हा तिथेच आलो तर कोन ४३९.६९५ अंश होतो, आणि दोन फेरे मारले तर ७९९.६९५ अंश होतो. रेघ जिथल्या तिथे आहे, बिंदूही तोच आहे. कोनाचे तीन भाग करेपर्यंत या नावांमधला फरक कळत नाही, पण भाग करताच तो उघडा पडतो, कारण पूर्ण फेऱ्याचा तिसरा हिस्सा हा पूर्ण फेरा नसून १२० अंशांचे वळण असते. ४३९.६९५ चा तिसरा हिस्सा १४६.५६५ आहे आणि ७९९.६९५ चा २६६.५६५ आहे. तिसरा फेरा मारला तर ३८६.५६५ अंश मिळतात आणि ते पुन्हा पहिल्याच रेघेवर येतात, म्हणून घनमुळे तीन मिळतात आणि चौथे मिळत नाही.

हा क्रम उलटला की काम बिघडते. आधी भाग करून मग ३६० मिळवले, तर २६.५६५, ३८६.५६५ आणि ७४६.५६५ असे तीन कोन लिहिले जातात आणि लिहिणाऱ्याला तीन घनमुळे सापडल्यासारखे वाटते. ते तिन्ही बिंदू आखायला घेतले की पेन्सिल तीनदा एकाच ठिकाणी टेकते. आकडे लिहीत बसण्याआधी आकृती काढावी, असे म्हणण्याचे एक कारण हेही आहे.

(दृश्य: कर्कटकाचे टोक आरंभबिंदूवर, पेन्सिल २ + i वर. पूर्ण वर्तुळ. दृश्य न तोडता.)

तिन्ही घनमुळांची लांबी √५ च असल्यामुळे ती एकाच वर्तुळावर आहेत. कर्कटक उघडण्यासाठी √५ चे दशांश रूप लागत नाही. टोक आरंभबिंदूवर ठेवून पेन्सिल २ + i वर टेकवली की त्रिज्या आपोआप मिळते. आता कर्कटकाची रुंदी न बदलता त्याचे टोक २ + i वर ठेवून वर्तुळावर पुढे एक खूण करायची, त्या खुणेवर टोक ठेवून पुढची खूण करायची, आणि असेच वर्तुळ पुरे होईपर्यंत चालायचे. त्रिज्येएवढी प्रत्येक पायरी ६० अंशांची असते, म्हणून सहा पायऱ्यांत आपण निघालो तिथे परत येतो. शेवटची खूण २ + i वर बसली नाही, तर कर्कटक वाटेत कुठेतरी सैल झाला आहे असे समजावे आणि पुसून पुन्हा करावे. या चित्रीकरणात दोनदा पुसावे लागले.

एक खूण सोडून पुढची घेतली की १२० अंशांचे वळण होते. अशा रीतीने घेतलेले तीन बिंदू जोडले की समभुज त्रिकोण मिळतो. एकदा पहिले घनमूळ हाती आले की उरलेल्या दोघांसाठी कोनमापक लागत नाही आणि गणनयंत्रही लागत नाही.

पहिल्या घनमुळाची गोष्ट वेगळी आहे. इथे ते चौकटीच्या कोपऱ्यावर आले, कारण उदाहरणच तसे होते. कोणत्याही दिलेल्या कोनाचे केवळ पट्टी आणि कर्कटक यांनी तीन समान भाग करणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे पिएर वान्त्झेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केले. बहुतेक संख्यांसाठी पहिली रेघ गणिताने काढावी लागते, आणि वर्तुळावरची चाल त्यानंतर सुरू होते.

(दृश्य: तिन्ही बिंदू जवळून, पट्टीने निर्देशक वाचले जातात.)

दुसरा बिंदू वरच्या बाजूला डावीकडे आहे आणि त्याचे निर्देशक अंदाजे −१.८६६ आणि १.२३२ आहेत. तिसरा बिंदू जवळजवळ सरळ खाली आहे, काल्पनिक अक्षापासून या कागदावर जेमतेम पाच मिलिमीटर डावीकडे, आणि त्याचे निर्देशक −०.१३४ आणि −२.२३२ आहेत. तिन्हींचे वास्तव भाग मिळवले तर शून्य येते आणि काल्पनिक भाग मिळवले तरी शून्यच येते, कारण समभुज त्रिकोणाचा मध्य आरंभबिंदूवर आहे. एखादा आकडा चुकला असेल तर ही बेरीज लगेच सांगते. पण सगळा त्रिकोणच चुकीच्या जागी फिरलेला असेल तर बेरीज तरीही शून्य येते, म्हणून तिच्यावर अवलंबून राहू नये.

अशी चूक सहज घडते. समजा संख्या −२ − ११i आहे. उभ्या भागाला आडव्या भागाने भागले तर ५.५ येतात, आणि २ + ११i साठीही ५.५ च येतात. त्यामुळे गणनयंत्राची उलट टॅन्जंटची कळ दोन्ही वेळा ७९.६९५ अंशच दाखवते. प्रत्यक्षात −२ − ११i ची रेघ डावीकडे खाली जाते आणि तिचा कोन २५९.६९५ अंश आहे. कळीवर विसंबले तर मिळणारा त्रिकोण खऱ्या त्रिकोणाच्या नेमका उलट बसतो, आणि बेरजेची कसोटी मात्र उत्तर बरोबर असल्याचे सांगते. ही चूक पकडायचा भरवशाचा उपाय म्हणजे एका घनमुळाचा घन करून मूळ संख्या परत येते का ते पाहणे; इथे चिन्हे उलटी आलेली दिसतात. रेघ आधी आखली असती तर हा प्रश्नच आला नसता.

(दृश्य: तिन्ही बिंदूंपासून वास्तव अक्षावर टाकलेले लंब.)

हे उदाहरण जुने आहे. इटलीतील अभियंता राफाएल बॉम्बेली यांनी १५७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या बीजगणितात x³ = १५x + ४ हे समीकरण घेतले. घनसमीकरण सोडवण्याच्या, कार्दानो यांनी १५४५ मध्ये छापलेल्या सूत्रात या समीकरणातील संख्या घातल्या की २ + √−१२१ आणि २ − √−१२१ यांच्या घनमुळांची बेरीज करावी लागते, आणि x = ४ हे साधे उत्तर तर समोरच दिसत असते. बॉम्बेली यांनी २ + √−१ चा घन करून पहिले घनमूळ दाखवले. दुसऱ्या संख्येचे घनमूळ २ − √−१ असल्यामुळे दोघांची बेरीज ४ आली. बिंदू मांडायला त्यांच्याकडे हे प्रतल नव्हते. कास्पर वेसेल यांनी ते १७९७ मध्ये डेन्मार्कच्या अकादमीपुढे मांडले.

त्या प्रतलावर २ − ११i ची घनमुळे म्हणजे आपल्या तीन बिंदूंची वास्तव अक्षातली प्रतिबिंबे होत. प्रत्येक बिंदू स्वतःच्याच प्रतिबिंबाशी जोडायचा, म्हणजे दोघांचा गुणाकार ५ येतो आणि तो सूत्राला हवाच असतो. भलतीच जोडी लावली तर आलेली बेरीज समीकरणात बसत नाही. योग्य जोडीत काल्पनिक भाग एकमेकांना रद्द करतात आणि वास्तव भाग दुप्पट होतो.

अक्षावर लंब जिथे टेकले आहेत ते आकडे २, −१.८६६ आणि −०.१३४ आहेत. ते दुप्पट केले की ४, −३.७३२ आणि −०.२६८ मिळतात, आणि x³ = १५x + ४ ची तीन उत्तरे हीच आहेत.