फटाका आकाशात बरोबर बसला, पण पाण्यात का फसतो?

नमस्कार मंडळी! दिवाळी ते एकतीस डिसेंबर या काळात माझ्या इनबॉक्सात एकच प्रश्न असतो: "दादा, रात्रीच्या फोटोत फटाके टाकायचे कसे?" आणि त्याच्यासोबत फोटो असतो. तो फोटो पाहिला की फटाके नकोत, मला चहा हवा असं होतं. म्हणून आज बसलोय.

हा माझा फोटो. नरिमन पॉइंटच्या कठड्यावरून मलबार हिलच्या दिशेने काढलेला, ट्रायपॉडवर, आठ सेकंदांचं एक्स्पोजर. उजवीकडे क्वीन्स नेकलेसची वळणदार दिव्यांची रांग, समोर टॉवर, खाली समुद्र, आणि अगदी पुढे टेट्रापॉड. आणि हा दुसरा, काळ्या आकाशातल्या फटाक्याचा. याला वरच्या लेयरवर टाका, ब्लेंड मोड स्क्रीन करा. काळं गायब, उजेड शिल्लक. झालं. हे सगळ्यांना येतं, पुढे चला.

थांबा, एक गोष्ट. "दादा, फटाक्याभोवती करडा चौकोन दिसतो" असं निम्मे लोक लिहितात. अहो, तुमचं काळं काळं नाहीये! आकाशाचा आकडा ४० आहे आणि फटाक्याच्या "काळ्या" भागाचा २०, तर स्क्रीनमध्ये उत्तर येतं ५७. म्हणजे फटाक्याच्या फोटोची आख्खी चौकट उजळली, तिची कड दिसणारच. फटाक्याच्या लेयरवर लेव्हल्स लावा, काळा स्लायडर थोडा आत ढकला, पार्श्वभूमी शून्यावर आली की चौकोन गेला. धूर असेल तर तोही थोडा जाईल, जाऊ द्या.

यावर एक जण हमखास म्हणतो, "लायटन मोड वापरा ना, चौकोन येतच नाही." खरंय, लायटन दोघांतलं जे उजळ तेच ठेवतो, म्हणून ४० चं ४०च राहतं. पण ठिणग्यांच्या शेपट्या विझत विझत आकाशापेक्षा मंद होतात ना, त्या तिथेच कापल्या जातात. फूल कात्रीने कापल्यासारखं दिसतं. स्क्रीनच ठेवा.

आता आकार. मला आलेल्या एका फोटोत फूल एवढं मोठं होतं की त्याखाली अख्खा मलबार हिल लपला असता. मोजायचं कसं? फोटोतली एखादी इमारत पट्टी म्हणून धरा. तीस मजली टॉवर ढोबळ शंभर मीटर. माझ्या फोटोत तो २८० पिक्सेल उंच आहे. फक्त इमारत मोजा हं, ती ज्या टेकडीवर उभी आहे ती टेकडी धरू नका. सहा इंची गोळा, म्हणजे मोठ्या कार्यक्रमात उडवतात तसला, पाण्यापासून साधारण १९० मीटरवर फुटतो आणि फूल होतं सुमारे १४० मीटरचं. म्हणजे त्या टॉवरपाशी फूल फक्त ३९० पिक्सेल! आणि लोक टाकतात २५०० पिक्सेलचं. म्हणजे जवळपास नऊशे मीटरचा फटाका. सोसायटीत उडवतो तो शॉट तर तीस-चाळीस मीटरवरच संपतो, तो इथे ठिपकाच दिसेल.

"मग मोठं फूल हवं असेल तर?" हवं तर फटाका जवळ आणा. उडवणारी बोट टॉवरच्या निम्म्या अंतरावर आहे असं धरा, सगळं दुप्पट होतं: फूल ७८० पिक्सेल, मध्यबिंदू पाण्याच्या रेषेपासून १०६० वर. पण मग ते टॉवरच्या पुढे आलं, मागे लपवायचं नाही.

आणि आता तो भाग, ज्यासाठी मी कॅमेरा लावलाय. प्रतिबिंब.

लोक काय करतात? फटाका डुप्लिकेट करतात, उलटा करतात आणि फुलाच्या अगदी खाली चिकटवतात. पाण्यात एक सुंदर उलटं फूल! मीही केलंय. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डासाठी नववर्षाचं पोस्टर केलं होतं, फार खूश होतो. वॉचमन काका बघून म्हणाले, "सर, एक फटाका पाण्यात पडलाय का?"

पहिली चूक जागेची. आरसा पाण्याच्या रेषेवर आहे, फुलाच्या बुडाशी नाही. फूल रेषेच्या १०६० पिक्सेल वर, तर प्रतिबिंब रेषेच्या १०६० पिक्सेल खाली. मधे ती मोकळी जागा राहणारच. माझ्या फोटोत पाणी १५०० पिक्सेल आहे, म्हणून ते मावतं. तुमच्या फोटोत पाणी ४०० पिक्सेल असेल तर फुलाचं प्रतिबिंब चौकटीच्या बाहेर गेलं! तिथे फार तर वर चढणाऱ्या रेषेचा तुकडा आणि थोडी रंगाची झाक येईल. ओढून आत आणू नका. (कठड्यावरून काढलाय म्हणून मी टॉवरच्या किनाऱ्याचीच रेषा धरली. विसाव्या मजल्यावरून काढला असता, तर बोटीपाशी पाण्याची रेषा बरीच खाली आली असती.)

दुसरं, तेच वेगळ्या बाजूने. तुमच्या फोटोतले दिवे बघा. क्वीन्स नेकलेसचा प्रत्येक दिवा वर एक ठिपका आहे. पाण्यात तो ठिपका आहे का? नाही, लांब उभा पट्टा आहे. दिव्याचा ठिपका पाण्यात पट्टा होत असेल, तर फटाक्याचं फूल पाण्यात फूल कसं राहील? फोटो तुम्हाला उत्तर देतोय आणि तुम्ही फोटोकडे बघत नाही, याचा मला राग येतो.

तरी पटत नसेल तर तिसरं, घरी करा. परातीत पाणी घ्या, खोलीत अंधार, वर मोबाइलचा टॉर्च. पाणी शांत असताना टॉर्च स्पष्ट दिसतो. बोटाने हलवा, उजेडाचे तुकडे होऊन तुमच्याकडे लांबतात. समुद्र म्हणजे ती हललेली परात, आणि आठ सेकंदांत ते सगळे तुकडे एकावर एक साठले. उलटं स्पष्ट फूल फक्त वारा नसलेल्या तळ्यात चालेल.

मग करायचं असं. काळं साफ केलेला फटाका डुप्लिकेट करून उभा उलटा करा, मोजलेल्या जागी ठेवा, आणि मोशन ब्लर, कोन ९० अंश. लांबी किती? दिव्याचा पट्टा मोजा, तेवढी. माझ्या फोटोत साधारण ६००. ब्लर केल्यावर ठिणग्या पसरून फिक्या होतात, म्हणून लेव्हल्सने थोड्या उचला. मोड अर्थात स्क्रीन. मग ऑपॅसिटी कमी करत या, आणि कुठे थांबायचं तेही दिव्यांनाच विचारा: दिवा आणि त्याचा पट्टा यांच्यात जितका फरक, तितकाच फूल आणि त्याच्या पट्ट्यात. माझं ४५ टक्क्यांवर जुळलं.

शेवटी मास्क. पट्टा किनाऱ्याच्या रेषेवर चढता कामा नये, आणि खाली टेट्रापॉडवर तर मुळीच नाही. ते काँक्रीटचे आहेत, पाणी नाही. गेल्या वेळी मी एक टेट्रापॉड विसरलो, त्याच्यावरून गुलाबी पट्टा गेला होता. कमेंटमध्ये पहिल्या दहा मिनिटांत चौदा जणांनी दाखवला. या वेळी सगळे मोजून मास्क केलेत, नऊ आहेत. दहावा सापडला तर लिहा.