एका प्रवासाची चार उत्तरं

ठाण्यात दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. खाडी डाव्या हाताला येते आणि येऊरचा डोंगर उजव्या हाताला. आता उत्तरेकडे वळा. डोंगर डावीकडे गेला, खाडी उजवीकडे. ऐरोली-घणसोलीत उभ्या असलेल्यांसाठी खाडी पश्चिमेला आणि पारसिकचा डोंगर पूर्वेला, म्हणून त्यांचं सगळं उलट. डोंगर आणि खाडी जागेवरच आहेत, बदललं ते तुमचं तोंड. दिशाज्ञानाच्या प्रश्नात बहुतेक चुका इथेच होतात. माणूस दक्षिणेकडे चालला असताना ‘डावीकडे वळला’ असं वाचलं की आपला हात कागदाच्या डाव्या बाजूला रेघ ओढतो. खरं तर त्याची डावी बाजू म्हणजे पूर्व, आणि ती कागदावर उजवीकडे असते.

काही जण प्रत्येक वळणाला कागदच फिरवतात. दोन वळणांपर्यंत ते चालतं, पाचव्या वळणाला उत्तर कुठे होती तेच आठवत नाही. कागद स्थिर ठेवा आणि एक क्रम पाठ असू द्या: उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम, पुन्हा उत्तर. उजवीकडे वळला तर क्रमात एक घर पुढे, डावीकडे वळला तर एक घर मागे, मागे फिरला तर दोन घरं. वळणं अंशांत दिली असतील तर उपदिशाही घ्या: उत्तर, ईशान्य, पूर्व, आग्नेय, दक्षिण, नैऋत्य, पश्चिम, वायव्य. इथे एक घर म्हणजे 45 अंश. वायव्येकडे तोंड असलेला माणूस घड्याळाच्या काट्याच्या दिशेने 135 अंश वळला तर तीन घरं पुढे मोजा: उत्तर, ईशान्य, पूर्व.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. एक माणूस उत्तरेकडे 12 मीटर चालतो, उजवीकडे वळून 9 मीटर, पुन्हा उजवीकडे वळून 20 मीटर आणि शेवटी डावीकडे वळून 6 मीटर चालतो.

आकृती काढण्याआधी प्रत्येक टप्प्याची दिशा आणि अंतर लिहून घ्या. उत्तर 12. उजवीकडे, म्हणजे पूर्व 9. पुन्हा उजवीकडे, म्हणजे दक्षिण 20. दक्षिणेकडून डावीकडे, एक घर मागे, म्हणजे पूर्व 6. आता उत्तर-दक्षिण एकत्र करा: 20 वजा 12, दक्षिणेला 8 उरले. पूर्वेचे 9 आणि 6 मिळून 15, पश्चिमेला तो गेलेलाच नाही. 8 चा वर्ग 64, 15 चा वर्ग 225, बेरीज 289, वर्गमूळ 17. परीक्षेत 3-4-5, 5-12-13, 8-15-17 ही त्रिकुटं इतकी फिरून फिरून येतात की ती ओळखीची असली तर वर्गमूळ काढायची वेळच येत नाही. वर्गमूळ पूर्ण संख्येत येत नसेल तर आधी पर्यायांकडे बघा. तिथे करणी चिन्ह असेल तर ठीक, नसेल तर एखादं वळण चुकलेलं असण्याची शक्यता जास्त.

याच प्रवासावर चार वेगळे प्रश्न येतात. तो एकूण किती चालला? 47 मीटर. मूळ ठिकाणापासून किती अंतरावर आहे? 17 मीटर. मूळ ठिकाणापासून कोणत्या दिशेला आहे? आग्नेयेला. त्याचं तोंड आता कुठे आहे? पूर्वेला. आणि ‘मूळ ठिकाण त्याच्या कोणत्या दिशेला आहे’ असं विचारलं तर आग्नेय उलटून वायव्य. पर्यायांत आग्नेय, वायव्य आणि पूर्व तिन्ही हमखास असतात, आणि गणित बरोबर करूनही गुण जातात ते इथे. म्हणून ‘कशापासून’ या शब्दाखाली रेघ मारा आणि पेन्सिलीचं टोक त्याच ठिकाणी टेकवून मग दिशा वाचा. काटेकोर बोलायचं तर 8 आणि 15 असताना कोन 45 अंशांचा नसतो. पण पर्यायांत आठच दिशा दिलेल्या असतात, तेव्हा दक्षिण आणि पूर्व यांमधली कुठलीही जागा आग्नेय धरतात.

राहिला उलटा प्रकार. ‘एक जण उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा डावीकडे वळला आणि आता दक्षिणेकडे चालला आहे. सुरुवातीला तो कुठे चालला होता?’ यात उत्तर धरून, मग पूर्व धरून बघत बसू नका. एक उजवं आणि एक डावं वळण एकमेकांना खोडतात, उरलं एक डावं. ते वळून तो दक्षिणेला आला, म्हणजे त्याआधी दक्षिणेच्या एक घर पुढे होता: पश्चिम. पडताळा घ्या. पश्चिमेकडून उजवीकडे उत्तर, तिथून डावीकडे पश्चिम, पुन्हा डावीकडे दक्षिण. जुळलं. मात्र हे खोडणं फक्त तोंडाच्या दिशेला लागू आहे. अंतर विचारलं असेल तर एकही वळण खोडता येत नाही, सगळे टप्पे मांडावेच लागतात.