तव्यावरचे तीन तुकडे

(दृश्य: मंद आचेवर तवा, त्यावर चीजचे तीन तुकडे)

तिन्ही तुकडे गाईच्याच दुधाचे, घरीच केलेले. पहिला खालून तांबूस होतोय, पण कडा जशाच्या तशा. दुसरा मऊ पडलाय, थोडं पाणी सुटलंय, पण वितळत नाहीये. तिसरा मात्र पसरलाय, आणि उलथन्याला तार लागतेय.

(दृश्य: पहिलं पातेलं)

पहिलं म्हणजे आपलं नेहमीचं पनीर. दोन लिटर दूध उकळीच्या जरा अलीकडे, ८५ ते ९० अंशांवर आणलं. चार मोठे चमचे व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून हळूहळू घातलं. हिरवट निवळी दिसली की हात आवरायचा, नाहीतर पनीर आंबट आणि रवाळ होतं. एवढ्या उष्णतेत निवळीतली प्रथिनं केसिन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि आंबटपणामुळे सगळं मिळून गोळा होतं. ही वीण पुन्हा तापवून सैल होत नाही. म्हणून तर पनीर रश्श्यात कितीही उकळा, चौकोनी ते चौकोनीच.

(दृश्य: दुसरं पातेलं)

इथे दूध नुसतं कोमट आहे, ३२ ते ३५ अंश. रेनेट म्हणजे दूध जमवणारं विकर, पूर्वी ते वासराच्या जठरातून काढत. आता बुरशीपासून केलेलं शाकाहारी रेनेटही मिळतं. पाकिटावर सांगितलंय तेवढंच, उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून घातलं. ढवळलं, आणि मग पाऊण तास पातेल्याला हात नाही.

केसिनच्या कणांभोवती बारीक केसांसारखा थर असतो, तो त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. रेनेट तो छाटून टाकतं. मग दुधातलंच कॅल्शियम त्या कणांना जोडतं. सुरी घालून उचलली की स्वच्छ चीर पडते, चिरेत निवळी साठते. टेट्रापॅकमधल्या दुधाची अशी चीर सहसा पडत नाही. ते आधीच फार तापवलेलं असतं.

हा तुकडा लवचीक लागतो, दाताखाली कुरकुरतो. पण रेनेट घातलं म्हणजे चीज वितळणारच, ही समजूत इथे खोटी ठरते. कॅल्शियमची पकड अजून घट्ट आहे.

(दृश्य: तिसरं पातेलं)

तिसऱ्यात तीच पकड ढिली केली. दोन लिटर थंड दुधात आधी पाऊण छोटा चमचा सायट्रिक ॲसिड, पाण्यात विरघळवून. मग दूध कोमट करून रेनेट. आंबटपणाने थोडं कॅल्शियम निवळीत निघून जातं आणि दूध फार तापवलेलं नसल्याने निवळीतली प्रथिनंही मध्ये येत नाहीत. रेनेटने जमलेलं हे दही कापून निथळलं, ८० अंशांच्या पाण्यात बुडवून ओढलं.

तार निघायच्या ऐवजी दही तुटलं तर दोन कारणं असतात. गोळा आतून थंड असेल, तर पुन्हा पाण्यात घाला. गरम असूनही भुसभुशीत तुटत असेल, तर ॲसिड जास्त झालंय. ते आता ताणलं जाणार नाही. मीठ लावून पराठ्यात भरा.